लांब आरएनए काढला आणि शेजारचं जनुक पडलं. काम आरएनएचंच, हे ठरवायचं कसं?

मृण्मयी_क
नमस्कार. मी उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींमधल्या एका लांब नॉन-कोडिंग आरएनएवर काम करते. अजून काही प्रसिद्ध झालेलं नाही, म्हणून त्याचं नाव देत नाही. क्रिस्परने त्याचा प्रमोटर आणि पहिला एक्झॉन मिळून साधारण दोन हजार अक्षरांचा तुकडा काढला. शेजारचं प्रथिन बनवणारं जनुक निम्म्याच्या खाली आलं. तीन वेगवेगळ्या क्लोनमध्ये हेच दिसलं.

मग त्याच आरएनएवर एसआय-आरएनए सोडला. क्यूपीसीआरमध्ये आरएनए बऱ्यापैकी कमी झालेला दिसतो, पण शेजारचं जनुक जागचं हलत नाही.

मार्गदर्शक म्हणतात, क्रिस्परचा निकाल स्वच्छ आहे, तोच धरून लिही. माझं मन मानत नाही. हा आरएनए प्रथिन न बनवता शेजारच्या जनुकाचं नियंत्रण करतो, असं म्हणायला माझ्याकडे नेमका कोणता पुरावा आहे? आणि कोणता नाही?

अवधूत७
उत्तर तुमच्याच प्रयोगात आहे. आरएनए कमी केला, काही झालं नाही, म्हणजे आरएनए निरुपयोगी. डीएनए काढला तेव्हा फरक पडला, म्हणजे त्या तुकड्यात एन्हान्सर होता. विषय संपला.

रेणुसूत्र
अवधूत, दुसरा अर्धा भाग शक्य आहे, पण पहिल्या अर्ध्यावरून तो निघत नाही. एसआय-आरएनएची यंत्रणा मुख्यतः पेशीद्रवात चालते. लांब नॉन-कोडिंग आरएनए बऱ्याचदा केंद्रकातच राहतात, त्यातही जिथे तयार झाले त्या जागेलाच चिकटून. अख्ख्या पेशीचा आरएनए काढून क्यूपीसीआर केलं, तर पेशीद्रवातला साठा उडालेला दिसेल आणि गुणसूत्रावरचा साठा तसाच असेल. काम करणारा साठा तोच असेल, तर मृण्मयीच्या एसआय-आरएनए प्रयोगाने काहीच तपासलेलं नाही.

मृण्मयी, आधी केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करून दोन्हीकडे मोजा. वेगळं नीट झालंय की नाही हे कळायला मॅलॅट-१ केंद्रकाची खूण म्हणून चालतो, तर पेशीद्रवासाठी जीएपीडीएचचा पक्व एमआरएनए.

आता क्रिस्परबद्दल. तो दोन हजार अक्षरांचा तुकडा काढताना तुम्ही एकदम तीन गोष्टी घालवल्या आहेत. तिथला डीएनए गेला, त्यावर बसणाऱ्या प्रथिनांच्या जागांसकट. तिथून आरएनए बनवत पॉलिमरेज धावण्याची क्रिया, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन, गेली. आणि आरएनए गेला. शेजारचं जनुक या तिन्हींपैकी कशामुळे पडलं, ते या प्रयोगातून कळणार नाही. क्लोन तीनाचे तीस केले तरी कळणार नाही, कारण प्रत्येक क्लोनमध्ये तिन्ही एकत्रच गेलेल्या असतात.

सुलभाताई
मी जीवशास्त्रातली नाही, पण धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. माझ्या काकांना डॉक्टरांनी लघवीतून पीसीए-३ नावाची तपासणी करायला सांगितली होती. तोही असाच प्रथिन न बनवणारा आरएनए आहे असं वाचलं. तो वाढला म्हणजे त्याने प्रोस्टेटमधली जनुकं बिघडवली, असं समजायचं का?

रेणुसूत्र
ताई, तसं समजू नका. पीसीए-३ हा खरोखर लांब नॉन-कोडिंग आरएनए आहे आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींत तो पुष्कळ वाढलेला असतो, म्हणून खूण म्हणून वापरतात. लघवीत त्याचं पीएसएच्या एमआरएनएशी प्रमाण मोजतात. खूण चांगली ठरायला त्या आरएनएने स्वतः काही करायची गरज नसते. मृण्मयीचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तिला आरएनए दिसतोच आहे, पण काम त्याचंच आहे का, हे तिला ठरवायचंय. काकांच्या आकड्याचा अर्थ मात्र डॉक्टरांनाच विचारा, तो बायोप्सी आणि बाकीच्या तपासण्यांबरोबर लावायचा असतो.

जुना_जीवाणू
मी जिवाणूवाला, रायबोस्विचवर, म्हणजे लहान रेणू ओळखून जनुक चालू-बंद करणाऱ्या आरएनएच्या घड्यांवर, बरीच वर्षं काम केलंय. मृण्मयीचा प्रश्न आमच्याकडे किती सोपा होता, ते सांगावंसं वाटतं, कारण चांगला पुरावा कसा दिसतो ते त्यावरून कळेल.

बॅसिलस सबटिलिसमध्ये एक्सपीटी नावाचं जनुक आहे, प्यूरीनच्या पुनर्वापराशी संबंधित. त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीला, प्रथिनाचा संदेश सुरू व्हायच्या आधी, आरएनएची एक घडी बसते. पेशीत ग्वानीन भरपूर असेल तर ते या घडीत जाऊन बसतं, पुढे टर्मिनेटरचं वेटोळं तयार होतं आणि पॉलिमरेज तिथेच गळून पडतो. ग्वानीन नसेल तर तेच धागे दुसऱ्या पद्धतीने जोडले जातात आणि पॉलिमरेज पुढे निघून जातो. संवेदक आरएनए, बटणही आरएनएच.

२००३ मध्ये येलच्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने हे दाखवलं तेव्हा पहिली शंका हीच होती, की मध्ये एखादं लपलेलं प्रथिन असेल. त्यावर त्यांचा प्रयोग साधा होता. आरएनए परीक्षानळीत बनवायचा, शुद्ध करायचा, मॅग्नेशियम असलेल्या किंचित अल्कधर्मी द्रावणात दीड-दोन दिवस ठेवून द्यायचा. आरएनएचा कणा हळूहळू आपोआप तुटतो. जिथे तो सैल असतो तिथे जास्त तुटतो, घडीत घट्ट बसलेला असतो तिथे कमी. एका नळीत ग्वानीन, दुसरीत काही नाही, मग दोन्ही नमुने जेलवर शेजारी शेजारी चालवायचे. ग्वानीनच्या नळीत ठरावीक ठिकाणच्या पट्ट्या फिक्या पडतात. नळीत प्रथिन मुळातच नाही, त्यामुळे लपायला जागाच नाही.

मला त्याहून आवडतो तो एका अक्षराचा पुरावा. घडीच्या पोटात ७४ व्या जागी सायटोसीन असतं आणि ते ग्वानीनशी नेहमीसारखी जोडी लावतं. त्या जागी युरॅसिल घातलं की हा आरएनए ग्वानीनला ओळखत नाही, ॲडेनीनला ओळखतो. निसर्गातही ॲडेनीन ओळखणारे रायबोस्विच आहेत आणि त्यांच्यात त्या जागी युरॅसिलच सापडतं. एक अक्षर बदललं, आणि तर्काने सांगता येईल त्याच दिशेने वागणूक बदलली. आरएनए स्वतः काम करतोय म्हणायला आणखी काय हवं?

अवधूत७
हे मस्त आहे. आणि आकडेही पक्के आहेत ना? अशा घड्यांची रेणू धरायची ताकद काही नॅनोमोलर असते. म्हणजे पेशीत तो रेणू ५-१० नॅनोमोलरवर गेला की बटण दाबलं जाणार. लांब आरएनएवाल्यांकडे असा एकही आकडा नसतो.

जुना_जीवाणू
ताकदीचा आकडा बरोबर, बटणाचा चुकला. बहुतेक जण इथेच घसरतात.

तो आकडा समतोलाचा आहे, म्हणजे रेणू आणि आरएनए यांना हवा तेवढा वेळ दिला तर. पेशीत वेळ पॉलिमरेज ठरवतो. संवेदक घडी तयार झाल्यापासून टर्मिनेटरचा निर्णय होईपर्यंत जी काही सेकंदं मिळतात, तेवढ्यातच रेणू येऊन बसला पाहिजे.

फ्लेविन मोनोन्यूक्लिओटाइडच्या रायबोस्विचचं उदाहरण घ्या, रायबोफ्लेविन बनवणाऱ्या जनुकांच्या पुढचं. ब्रेकर यांच्याच गटाने २००५ मध्ये त्याचा वेग मोजला. रेणू जोडला जाण्याचा स्थिरांक साधारण एक लाख प्रति मोलर प्रति सेकंद आहे. आता १० नॅनोमोलरवर हिशोब करा:

```
k = 1e5 × 10e-9 = 0.001 प्रति सेकंद   →  सरासरी वाट 1000 सेकंद
k = 1e5 × 1e-6  = 0.1 प्रति सेकंद     →  सरासरी वाट 10 सेकंद
```

हजार सेकंद म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. पॉलिमरेज तोवर कधीच निघून गेलेला असतो, वाटेत थांबे घेतले तरी. दहा सेकंदांत काम व्हायचं तर सांद्रता एक मायक्रोमोलरच्या आसपास लागते, समतोलाच्या आकड्याच्या शंभरपट. पॉलिमरेज जिथे थबकतो त्या जागा बदलल्या किंवा न्यूक्लिओटाइडचा पुरवठा वाढवून त्याला पळवला, की बटण दाबलं जाण्याची सांद्रताही सरकते. परीक्षानळीतला नॅनोमोलर आकडा थेट पेशीवर लावलेला दिसला, की मी तो शोधनिबंध दोनदा वाचतो.

सगळे रायबोस्विच असे नसतात, हेही सांगतो. निसर्गात ॲडेनीनच्या काहींना, विशेषतः जे प्रथिन बनण्याच्या पायरीवर अडवतात त्यांना, समतोलाला पोचायला वेळ मिळतो. त्यामुळे प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो.

मृण्मयी_क
जुना_जीवाणू, खूप धन्यवाद. पण माझा आरएनए कित्येक हजार अक्षरांचा आहे, त्याला कोणता लहान रेणू हवा हे माहीत नाही, आणि असा रेणू असेलच असंही नाही. परीक्षानळीत ठेवून मी काय बघू? माझ्यासाठी ‘७४ वं अक्षर’ म्हणजे काय?

रेणुसूत्र
चांगला प्रश्न विचारलात. प्राण्यांमध्ये लहान रेणू ओळखून चालणारा, सर्वमान्य झालेला रायबोस्विच नाही. वनस्पती आणि बुरशीत थायमिनचा आहे. म्हणून तुमच्यासाठी ‘एक अक्षर बदला’ याचा अर्थ असा: ट्रान्स्क्रिप्शन जसंच्या तसं चालू ठेवायचं आणि आरएनएचा फक्त मजकूर बिघडवायचा. मग उलट करायचं, पॉलिमरेजची धाव मध्येच थांबवायची. दोन उदाहरणं शेजारी ठेवली की फरक कळतो.

पहिलं झिस्ट. मादी पेशीतल्या दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद करणारा, सुमारे १७ हजार अक्षरांचा आरएनए. त्याच्या सुरुवातीच्या टोकाजवळ पुनरावृत्तींचा एक छोटा पट्टा आहे, त्याला ए-रिपीट म्हणतात. २००२ मध्ये अँटन वुट्झ आणि सहकाऱ्यांनी तेवढाच पट्टा काढला. झिस्ट बनत राहिला, गुणसूत्रावर पसरतही राहिला, पण गुणसूत्र बंद होईना. म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन आहे, आरएनए आहे, जागेवरही आहे, आणि मजकुराचा एक तुकडा गेला तर काम गेलं. पुढे २०१५ च्या सुमारास त्या पट्ट्याला धरणारं स्पेन नावाचं प्रथिनही सापडलं. जुना_जीवाणूच्या ७४ व्या अक्षराच्या सगळ्यात जवळ जाणारी लांब आरएनएमधली गोष्ट मला हीच वाटते.

दुसरं एअर्न, आणि मृण्मयी, हे नीट वाचा. उंदराच्या १७ व्या गुणसूत्रावर आयजीएफ-२-आर नावाचं जनुक आहे, ते आईकडून आलेल्या प्रतीवरूनच चालतं. वडिलांकडून आलेल्या प्रतीवर एअर्न हा उलट दिशेचा आरएनए चालतो. त्याची सुरुवात आयजीएफ-२-आरच्या दुसऱ्या इन्ट्रॉनमध्ये होते आणि तो मागे येत त्या जनुकाच्या प्रमोटरवरून पुढे निघून जातो. एकूण लांबी लाखभर अक्षरं.

२००२ मध्ये डेनिस बार्लो आणि सहकाऱ्यांनी एअर्न सुमारे तीन हजार अक्षरांवर तोडला. त्यासाठी तिथे पॉली-ए संकेत घातला, म्हणजे पॉलिमरेज तिथेच संपवतो. आयजीएफ-२-आर पुन्हा चालू झालं. सगळ्यांना वाटलं, लांब आरएनए लागतो हे सिद्ध झालं. पण प्रयोगात एक फट राहिली होती. तीन हजारांवर तोडलेला एअर्न आयजीएफ-२-आरच्या प्रमोटरपर्यंत पोचतच नाही. मग काय हरवलं, आरएनएचा मजकूर की पॉलिमरेजचं प्रमोटरवरून जाणं?

दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, बार्लो यांच्याच गटाने ती फट बुजवली. मूलपेशींत पॉली-ए संकेत वेगवेगळ्या अंतरांवर घातला, काही ठिकाणी प्रमोटरच्या अलीकडे, काही ठिकाणी पलीकडे. अलीकडे थांबवलं तर जनुक चालू राहिलं. प्रमोटर ओलांडून लगेच थांबवलं तर जनुक बंद झालं, एअर्नचा उरलेला प्रचंड मजकूर कधी बनलाच नाही तरीही. म्हणजे इथे आरएनए हा उपउत्पादन आहे. काम करते ती पॉलिमरेजची प्रमोटरवरून जाण्याची क्रिया, ती दुसऱ्या पॉलिमरेजला तिथे बसू देत नाही.

पहिल्या निकालावर थांबले असते, तर आज प्रत्येक जण एअर्नला झिस्टच्या पंक्तीत बसवत असता.

केतकी_पुन्हा
इथे मी थोडं आडवं येते. एअर्न फक्त आयजीएफ-२-आरला बंद करत नाही. अपरेमध्ये तो दूरच्या एसएलसी-२२-ए-३ जनुकालाही बंद करतो आणि त्या जनुकापर्यंत एअर्नचं ट्रान्स्क्रिप्शन पोचतच नाही. २००८ मध्ये दाखवलं गेलंय की तिथे एअर्न आरएनए त्या प्रमोटरजवळ साठतो आणि जी-९-ए हे हिस्टोनवर मिथाइल लावणारं प्रथिन तिकडे येतं. तेव्हा ‘एअर्न उपउत्पादन आहे’ हे वाक्य जनुकाचं नाव घेतल्याशिवाय लिहू नये.

रेणुसूत्र
केतकी, मान्य. मी आयजीएफ-२-आरपुरतं बोलत होतो, ते तिथेच लिहायला हवं होतं. एकाच आरएनएच्या बाबतीत जवळच्या जनुकासाठी क्रिया आणि दूरच्यांसाठी आरएनए असं दोन्ही असू शकतं. दूरच्या बाबतीत आरएनए नेमका कशाला धरतो यावर मात्र माझं समाधान अजून झालेलं नाही. पीआरसी-२ सारखी प्रथिनं जवळपास कुठलाही आरएनए धरतात, त्यामुळे ‘याला धरलं म्हणून याच्यामुळे आलं’ हा पुरावा मला कमजोर वाटतो.

अवधूत७
मग एसआय-आरएनएऐवजी केंद्रकात चालणारे अँटिसेन्स ऑलिगो वापरा ना. ते आरनेज एचकडून आरएनए तोडतात आणि डीएनएला हात लागत नाही. सगळं वेगळं झालं.

रेणुसूत्र
निम्मं वेगळं झालं. २०२० मध्ये दोन गटांनी दाखवलं की ऑलिगोने बनत असलेला आरएनए तोडला, तर मागचा मोकळा तुकडा एक्सआरएन-२ हे विकर खात सुटतं आणि पुढे धावणाऱ्या पॉलिमरेजला गाठून पाडतं. म्हणजे आरएनए तोडायला गेलात आणि ट्रान्स्क्रिप्शनही थांबवलंत. ऑलिगो आरएनएच्या सुरुवातीकडे लावला तर हे जास्त होतं, शेवटाकडे लावला तर तेवढं होत नाही, कारण तोवर पॉलिमरेज जवळजवळ सगळं पार करून गेलेला असतो.

हाच दोष उपयोगाला आणता येतो. एक ऑलिगो सुरुवातीला, एक अगदी शेवटाला. दोन्हींनी आरएनए सारखाच कमी झाला, पण शेजारचं जनुक फक्त पहिल्याने पडलं, तर बोट क्रियेकडे जातं. दोन्हींनी पडलं तर आरएनएकडे. मात्र पॉलिमरेज खरंच थांबला की नाही, ते नव्या आरएनएच्या मोजमापानेच बघा. ऑलिगोच्या जागेपुढच्या इन्ट्रॉनमधले प्रायमर किंवा फोर-थायोयुरिडिनची खूण वापरा. पक्व आरएनए मोजून हे कळणार नाही.

मृण्मयी_क
हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे आलेले दोन्ही ऑलिगो पहिल्या एक्झॉनवरचे आहेत.

अजून एक. माझ्या आरएनएमध्ये साठ-सत्तर अमिनो आम्लांची एक उघडी वाचनचौकट दिसते. डेटाबेसमध्ये ‘नॉन-कोडिंग’ लिहिलंय. तेवढं पुरे का?

केतकी_पुन्हा
पुरे नाही. स्नायूतलं मायोरेग्युलिन आठवा. ४६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. २०१५ पर्यंत त्याचा आरएनए नॉन-कोडिंग म्हणूनच नोंदलेला होता. तुमच्या चौकटीत सुरुवातीच्या कोडॉनपुढे एक अक्षर घुसवा. चौकट मोडेल, आरएनए जवळजवळ तसाच राहील. शेजारचं जनुक हललं नाही, तर प्रथिनाचा मुद्दा तुमच्या प्रश्नापुरता मिटला.

जुना_जीवाणू
रेणुसूत्र, मला एक खटकतंय. मृण्मयीचा आरएनए गेल्यावर शेजारचं जनुक पडतं, म्हणजे तो बढावा देणारा आहे. एअर्न अडवणारा होता. तोच तर्क इथे चालेल का?

रेणुसूत्र
तर्क चालतो, निकाल वेगळा येऊ शकतो. २०१६ मध्ये जेसी एन्ग्राइट्झ आणि सहकाऱ्यांनी मूलपेशींतल्या अशा १२ जागा तपासल्या. ५ जागांचा शेजारच्या जनुकावर परिणाम होता आणि त्या पाचांपैकी एकाही ठिकाणी विशिष्ट आरएनएची गरज दिसली नाही. काही ठिकाणी नुसता प्रमोटरचा डीएनए पुरेसा होता. ब्लस्टर नावाच्या जागेत मात्र ट्रान्स्क्रिप्शन आणि स्प्लायसिंगची क्रियाच कामाची निघाली. तिथे पहिली स्प्लाइस जागा बिघडवली तर शेजारचं जनुक पडलं.

त्यांची एक युक्ती तुम्हीही वापरा. पेशी दोन वेगळ्या वंशाच्या उंदरांच्या संकरातून घेतलेल्या होत्या, त्यामुळे शेजारच्या जनुकाच्या दोन प्रती अक्षरांच्या फरकावरून वेगळ्या ओळखता येतात. एकाच गुणसूत्रावर बदल करायचा आणि त्याच गुणसूत्रावरचं शेजारचं जनुक पडतं की दोन्ही, ते बघायचं. फक्त त्याच बाजूचं पडलं तर परिणाम जागेवरचा आहे. शिवाय न बदललेलं गुणसूत्र त्याच पेशीत नियंत्रण म्हणून हाताशी राहतं, क्लोन-क्लोनमधल्या फरकाची डोकेदुखी जाते.

अवधूत७
आणि प्लास्मिडमधून तोच आरएनए परत देऊन बघितलं तर? जनुक सावरलं तर आरएनएच.

केतकी_पुन्हा
सावरलं तर हो. नाही सावरलं तर काहीच कळत नाही. जो आरएनए जिथे बनतो तिथेच काम करतो, त्याला प्लास्मिडमधून दिलं तर तो त्या जागेवर पोचणारच नाही. झिस्टसुद्धा ज्या गुणसूत्रावरून बनतो त्यालाच बंद करतो. नकारार्थी निकाल आला म्हणून ‘आरएनए नाही’ असं लिहू नका.

मृण्मयी_क
परत आले. केंद्रक वेगळं करून मोजलं. रेणुसूत्र म्हणाले तसंच निघालं: एसआय-आरएनएने पेशीद्रवातला आरएनए जवळजवळ संपतो, केंद्रकातला जागचा हलत नाही. मॅलॅट-१ आणि जीएपीडीएच दोन्ही जिथे असायला हवेत तिथेच आहेत, म्हणजे वेगळं करणं नीट झालं होतं. एसआय-आरएनएचा निकाल मी लिखाणातून काढला.

आता पॉली-ए संकेत घालायचा आहे. एक पहिल्या एक्झॉनच्या शेवटी, एक शेवटच्या इन्ट्रॉनमध्ये. मार्गदर्शकांना वाटतं पहिला एकच पुरेसा आहे.

केतकी_पुन्हा
मला दोन्ही हवेत असं वाटतं. फक्त पहिला घातला तर आरएनए आणि क्रिया दोन्ही जातात, डीएनए तेवढा वेगळा होतो. तुमची अडचण अर्धीच सुटेल.

रेणुसूत्र
मी मार्गदर्शकांच्या बाजूने एवढंच म्हणेन की पहिला आधी करा. प्रमोटर जागेवर ठेवून पहिला संकेत घातल्यावर शेजारचं जनुक पडलंच नाही, तर गोष्ट डीएनएची आहे आणि दुसऱ्या संकेताचे महिने वाचले. पडलं तरच दुसरा करा.

कुठलाही घातलात तरी निकाल वाचण्याआधी संकेताच्या पुढच्या भागात प्रायमर लावून बघा. पॉली-ए संकेत गळका असू शकतो आणि काही पॉलिमरेज त्यावरून तसेच पुढे जातात. पुढे आरएनए मूळच्या १०-१५ टक्के जरी उरला असेल आणि शेजारचं जनुक टिकून असेल, तर त्यावरून काही ठरवता येणार नाही.

जुना_जीवाणू
आणि जेवढा तुकडा घालता, तेवढ्याच लांबीचा, पण संकेताची अक्षरं उलटीपालटी केलेला दुसरा तुकडा त्याच जागी घातलेला एक क्लोन ठेवा. नुसतं तिथे काहीतरी घुसवल्यानेही जनुक हलू शकतं.

मृण्मयी_क
तो माझ्या यादीत नव्हता, घातला. पहिला संकेत आणि त्याचा उलटापालटा जोडीदार, दोन्हींची मागणी देतेय. शेवटाकडचा ऑलिगोही मागवला आहे. क्लोन उभे राहिले की इथेच लिहीन.